धागा: नुसतं नाव आणि वर्णन लिहिलेलं पत्र पोस्टमन पोचवतो तरी कसं?

वांगखोरे
माझे बाबा पाटण तालुक्यात पोस्टमन होते, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून एक किस्सा पूर्ण ऐकला, आत्तापर्यंत तुकड्यातुकड्यात ऐकला होता. तो इथे लिहितो आणि मग प्रश्न विचारतो.

१९९१ च्या पावसाळ्यात मुंबईहून एक पाकीट आलं. नाव बदलून लिहितोय, बाकी पत्ता साधारण असाच होता: "श्री. विठ्ठल (पैलवान), गिरणीत साचा खात्यात होते, गाव कोयनेकडे, घरासमोर मोठा फणस, तालुका पाटण, जिल्हा सातारा." संपलं. गावाचं नाव नाही, आडनाव नाही, पाठीमागे पाठवणाऱ्याचा पत्ता नाही.

तालुका आणि जिल्हा बरोबर असल्यामुळे पत्र आरामात कराडपर्यंत आणि तिथून एसटीच्या टपाल पिशवीतून पाटणला पोचलं. खरी अडचण तिथून पुढे. बाबांच्या बीटात असा माणूस नव्हता, त्यामुळे नियमाने ते "पत्ता अपुरा" असा शेरा मारून परत करू शकत होते. पण पाठवणाऱ्याचा पत्ताच नाही म्हटल्यावर परत कुणाकडे करणार? म्हणून त्यांनी आणि तेव्हाच्या पोस्टमास्तरांनी ते थोडे दिवस शोधायचं ठरवलं. शेवटी पत्र पोचलं, पण पाटण तालुक्यात नाही, कराडमध्ये.

कसं पोचलं ते खाली लिहितोच, आधी तुम्ही सांगा, तुम्ही असता तर सुरुवात कुठून केली असती? आणि अशी पत्रं शोधत बसणं हे पोस्टमनचं काम आहे का? बाबा म्हणतात आहे. माझा काका, तोही सरकारी नोकरीत होता, म्हणतो नाही.

पेठकर
फणस शोधला असता. आमच्या पेठेत तर पूर्ण पत्ता असूनही घर सापडत नाही, ४७५ च्या शेजारी ४७६ असेल अशी अपेक्षा ठेवणारा माणूस बाहेरगावचा समजावा. आमच्या पोस्टमनला नंबर नाही, माणसं पाठ होती. पुढचं लिहा लवकर.

निळासागर
हा प्रॉब्लेम मला रोजचा आहे. ऑनलाइन काही मागवलं की डिलिव्हरीवाला फोन करतो, "मॅडम मंदिराजवळ आलोय", आणि आमच्या एरियात मंदिरं चार. लोकेशन पाठवलं तरी पलीकडच्या गल्लीत जातात. यावर काही उपाय आहे का?

वांगखोरे
@निळासागर, त्यात फोन नंबर तरी असतो ना. इथे फोन नाही, आणि माणूस कुठल्या गावात आहे हेच माहीत नाही.

तर्कट
सरळ उत्तर आहे. पोस्टमास्तरने पाकीट उघडून आतला मजकूर वाचायचा, आत काहीतरी ओळख निघालीच असती, त्यांना तो अधिकार असतो. दुसरं म्हणजे पिनकोड टाकला असता तर गाव लगेच कळलं असतं आणि हा धागाच निघाला नसता.

शिक्का_तारीख
पोस्टात ३६ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच सबपोस्टमास्तर म्हणून. तर्कट, तुमचं थोडं बरोबर आहे, थोडं दुरुस्त करतो.

उघडायचा अधिकार खात्याला आहे पण पोस्टमनला नाही आणि पोस्टमास्तरलाही नाही. जे पत्र ना पोचतं ना परत करता येतं ते सर्कलच्या रिटर्न लेटर ऑफिसला जातं, आम्ही आरएलओ म्हणायचो. तिथे नेमलेले लोक ते उघडतात आणि तेही पाठवणाऱ्याचा पत्ता आत सापडतो का एवढं बघण्यापुरतं. मिळाला तर पत्र त्याला परत. म्हणजे आरएलओ घेणाऱ्याला शोधत नाही, देणाऱ्याला शोधतं. वांगखोरेंच्या बाबांनी पत्र तिकडे पाठवलं असतं तर विठ्ठलरावांना ते मिळायची आशा जवळपास संपली असती. म्हणून जे काही शोधायचं ते आरएलओच्या आधी, खालीच शोधायचं असतं.

पिनकोडचं म्हणाल तर तो गावाचा नसतो, वाटप करणाऱ्या पोस्टाचा असतो. एका पिनखाली कितीतरी गावं आणि वाड्या येतात. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो बसवला, आणि तो बसवला मुख्यतः एकाच नावाची गावं वेगळी करायला आणि वेगवेगळ्या भाषा-अक्षरांमुळे होणारा गोंधळ टाळायला. वडगाव, पिंपळगाव किती आहेत बघा राज्यात. पण पत्र योग्य पोस्टापर्यंत आलं की पिनचं काम संपलं. या पत्राला पिन नसूनही ते योग्य पोस्टात आलंच होतं. पुढे माणूस लागतो.

मी असतो तर सुरुवात शिक्क्यापासून केली असती. तिकिटावरचा शिक्का वाचता येत होता का?

वांगखोरे
@शिक्का_तारीख, बाबांनी अगदी तेच केलं. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले "खात्यातला माणूस दिसतोय." शिक्का परळचा होता, अर्धा पुसट पण वाचता येत होता. परळ आणि साचा खातं, म्हणजे मागावर कापड विणायचं खातं, तेव्हा लिहिणारा गिरणीतला जुना जोडीदार असणार हे नक्की झालं. पण पोस्टमास्तरांनी दुसरी गोष्ट लक्षात आणून दिली. लिहिणारा जर विठ्ठलरावांच्या गावचा किंवा त्यांच्या खोलीवरचा असता तर त्याला गाव माहीत असतंच. त्याला गाव माहीत नाही म्हणजे तो दुसऱ्या भागातला, कामाच्या जागेवरची ओळख. म्हणजे पाकिटावर जे लिहिलंय ते विठ्ठलरावांनी साच्यावर उभं राहून गप्पांत सांगितलेलं आहे. "आमच्या घरासमोर मोठा फणस आहे", "आम्ही कोयनेकडचे." हे गावातले लोक सांगतील ते वर्णन नव्हे, मुंबईत बसून माणूस आपल्या घराची आठवण काढतो ते वर्णन.

अबोली
हे फार आवडलं. आणि त्यामुळेच "पैलवान" हे नाव गावात कुणाला माहीतच नसेल ना?

वांगखोरे
बरोबर. पहिले काही दिवस त्यातच गेले. बाबा आणि दुसरे पोस्टमन "विठ्ठल पैलवान" विचारत फिरले, तालमीतल्या वस्तादांना विचारलं, जत्रेत कुस्त्या लावणाऱ्यांना विचारलं. पैलवान सतरा मिळाले, विठ्ठल एकही नाही. नंतर कळलं की त्या माणसाने गावात कधी लांग चढवली नव्हती, मुंबईत व्यायामशाळेत जायचा म्हणून साच्यावरच्या लोकांनी नाव ठेवलं होतं.

फणसाचाही उपयोग शून्य. त्या पट्ट्यात फणस नसलेलं घर दाखवा.

गिरणगाव
आमचे आजोबा गिरणीत होते, लालबागला गावाची खोली होती. मी असतो तर मुंबईकडून शोधलं असतं. प्रत्येक गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असायचं, खोलीवर राहणाऱ्यांची नावं असायची, भिशी असायची, कोण कुठल्या गिरणीत कुठल्या पाळीला हे सगळ्यांना ठाऊक. पाटणच्या मंडळींच्या खोल्या गिरणगावात भरपूर होत्या. चार खोल्यांवर निरोप गेला असता तर "साचा खात्यातला पैलवान" एका रविवारात सापडला असता.

शिक्का_तारीख
@गिरणगाव, कल्पना उत्तम पण १९९१ साली किती खोल्या शिल्लक होत्या? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर कितीतरी लोक गावी गेले ते परत आलेच नाहीत. बहुतेक म्हणूनच तर हे पत्र गावाच्या पत्त्यावर आलं.

गिरणगाव
खरंय. आमची खोलीसुद्धा ८५ च्या आसपास निम्मी रिकामी झाली असं आजोबा सांगायचे. तरी मंडळं होती, जत्रेची वर्गणी जमवायला तरी. मी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही.

तर्कट
उघडायच्या अधिकाराबद्दल मान्य. पण माझा मूळ आक्षेप राहतोच. एका पत्रासाठी दोन-तीन सरकारी माणसं पंधरवडाभर चौकशा करतायत, त्या वेळात बाकीच्या लोकांची टपालं उशिरा गेली नसतील का? ज्याने नीट पत्ता लिहायची तसदी घेतली नाही त्याच्यासाठी? मी काकांच्या बाजूने.

शिक्का_तारीख
कुणी वेगळा वेळ काढत नाही हो. पोस्टमन रोज तीच वाट चालतो, त्याच दारात उभा राहतो. सकाळी पिशवी फुटली की टपाल बीटाच्या वाटेप्रमाणे लावून घ्यायचं आणि निघायचं. असं पत्र पिशवीच्या कप्प्यात असतं, जिथे थांबायचं आहे तिथेच एक प्रश्न जास्तीचा विचारायचा. पिठाची गिरणी, रेशन दुकान, न्हावी, शाळेचे हेडमास्तर, ग्रामपंचायतीचा शिपाई. या पाच जागा झाल्या की गावात आहे की नाही ते कळतंच.

आणि दुसऱ्या ब्रँच पोस्टात विचारायचं असेल तर पाकिटावरच शेरा मारून पुढे पाठवतात, "ट्राय अमुक", तारीख आणि सही. तिथे नाही मिळालं की तो ब्रँच पोस्टमास्तर त्याखाली आपला शेरा मारून परत करतो. असं पाकीट फिरून आलं की त्यावर पत्त्यापेक्षा शेरेच जास्त असतात. तारीख मात्र प्रत्येकाने घातलीच पाहिजे, नाहीतर पत्र कुणाकडे अडकलं होतं ते कळत नाही.

वांगखोरे, तुमच्या पाकिटावर ट्राय कुठले कुठले होते आठवतंय का बाबांना?

वांगखोरे
विचारलं. पोस्टमास्तर म्हणाले ढेबेवाडी बाजू सोडून द्या, ते वांगेचं खोरं आहे, तिकडचा माणूस स्वतःला कोयनेकडचा म्हणणार नाही. मोरगिरी बाजूही तशीच सोडली, ती मोरणेची. राहिला कोयनेचा वरचा पट्टा, हेळवाक आणि त्याच्या आसपास. "ट्राय हेळवाक" असा शेरा पडला. म्हणजे अख्ख्या तालुक्यातून एक पट्टा उरला.

आता मुख्य भाग. हेळवाकच्या बाजूला एक म्हातारे रिटायर पोस्टमन होते. सत्तरच्या दशकापासून त्या बाजूच्या मनीऑर्डरी तेच वाटायचे. बाबा एकदा त्यांच्याकडे गेले आणि पत्राबद्दल बोलले. म्हाताऱ्यांनी फणस, पैलवान काही ऐकून घेतलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "विठ्ठलची मनीआर्डर कुणाच्या घरी यायची?" आणि स्वतःच उत्तर दिलं.

गिरणीतला माणूस म्हणजे दर महिन्याला पगार झाल्यावर घरी मनीऑर्डर. पोस्टमन ती रोख मोजून द्यायचा, बहुतेक वेळा बायकोच्या किंवा वडिलांच्या हातात, अंगठा घ्यायचा, साक्षीदाराची सही घ्यायची, आणि खालच्या कुपनावर नवऱ्याने लिहिलेल्या दोन ओळी वाचूनही दाखवायचा कारण घरात वाचणारं कुणी नसायचं. वर्षानुवर्षं दर महिन्याला. म्हणजे मुंबईत कोण आहे, कुठल्या गिरणीत आहे, बदली आहे की कायम, कधी आजारी पडला, सगळं त्या पोस्टमनला माहीत. ते म्हणाले, "ब्याऐंशीच्या सुरुवातीला ज्या घरांच्या मनीआर्डरी बंद पडल्या ती घरं मला अजून पाठ आहेत." त्यातली विठ्ठल नावाने पाठवणाऱ्यांची घरं दोन.

अबोली
अंगावर काटा आला.

गिरणगाव
माझ्या आजीची मनीऑर्डर १९८२ च्या फेब्रुवारीत आली नव्हती. ती सांगायची की पोस्टमन तरी दारावरून गेला आणि काही बोलला नाही. बाकी काही लिहायला नाही आत्ता.

फोंड्याचा_नंदू
आमच्या गोव्यात याच्या उलट. नावं आणि आडनावं भरपूर लिहिलेली असतात पण एका वाड्यावर एकाच आडनावाची वीस घरं आणि त्यात तीन जणांचं नावही तेच. मग पत्त्यात "खुरसाच्या मागे", "तळ्याकडे", "बोटीवर काम करतो त्याचे घर" असं येतं. आमच्याकडे बाहेर आखातात आणि बोटीवर गेलेल्यांची पत्रं खूप यायची आणि पोस्टमन बापाचं नाव विचारल्याशिवाय पत्र देत नसे. माझं एक पत्र दोन महिने दुसऱ्या नंदूच्या घरी पडून होतं, बापाचं नाव विचारणारा जुना पोस्टमन रजेवर होता तेव्हा.

ओडेन्सेवासी
मी डेन्मार्कला असतो. २०१६ मध्ये इकडे एका पत्राची बरीच चर्चा झाली होती. आइसलँडमध्ये कुणीतरी पाकिटावर पत्त्याऐवजी हाताने नकाशा काढला, शेतावर लाल ठिपका, आणि बाजूला लिहिलं की घोड्यांचं फार्म, आइसलँडिक-डॅनिश जोडपं, तीन मुलं, खूप मेंढ्या, आणि बाई बूदारदालुर गावातल्या सुपरमार्केटमध्ये काम करते. पोचलं. पण मला वाटतं इथल्या पत्रापेक्षा ते सोपं होतं, गावाचं नाव होतं आणि अख्ख्या देशाची वस्ती साडेतीन लाखाच्या आतबाहेर.

पेठकर
म्हणजे आमच्या एका पेठेएवढा देश. तिथे पोस्टमनच्या आधी शेजारीणच पत्र पोचवेल.

अबोली
मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे आणि ती सगळ्यांना आवडेलच असं नाही. पुरुषाचं पत्र असेल तर "अमक्याला ओळखता का" असं चार ठिकाणी विचारायला काही नाही. बाईचं असेल तर?

माझ्या आईला तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने पत्र लिहिलं होतं. नाव माहेरचं, कारण मैत्रिणीला तेच माहीत. लग्नानंतर आईचं नाव बदललेलं, आमच्याकडे तेव्हा सर्रास बदलायचे. पत्त्यात गाव होतं आणि "नवऱ्याचं कापडदुकान आहे" एवढंच. आमच्या गावात कापडदुकानं पाच. पोस्टमनने प्रत्येक दुकानात जाऊन विचारलं की "तुमच्याकडे कुसुम कोण?" पाचही दुकानांत चर्चा झाली की कुणाच्या तरी बायकोला जुन्या नावाने पत्र आलंय. आईला पत्र मिळालं, पण त्याआधी आजीने आणि आत्याने तिची उलटतपासणी घेतली. पत्र मैत्रिणीचंच होतं हे पाहिल्यावरही घरात काही दिवस गप्पगप्पच होतं.

त्या पोस्टमनचा हेतू चांगलाच होता. पण शोधताना तुम्ही पत्र आलंय ही बातमी पण वाटत जाता.

तर्कट
हा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला आहे.

शिक्का_तारीख
अबोली, तुमच्या आईच्या बाबतीत चुकलंच. दुकानात विचारायला नको होतं. अशा वेळी पाकीट दाखवायचं नाही आणि पत्र आहे असंही सांगायचं नाही. उलट बाजूने जायचं. पत्र कुठून टाकलं ते शिक्क्यावरून कळतं, मग गावात त्या बाजूची माहेरवाशीण कोण आहे हे एखाद्या वयस्क बाईला विचारायचं. एक नाव मिळालं की त्या बाईला एकटीला, दारात, "तुमचं माहेरचं नाव काय हो" इतकंच. नवऱ्याच्या हातात द्यायचं नाही. पोस्टात नवीन येणाऱ्यांना मी हे सांगायचो, पण कुठे लिहिलेलं नाही हे, ज्याला सांगितलं त्यालाच माहीत.

तरी शंभर टक्के गुप्तता राहील असं मी म्हणणार नाही. गावात पोस्टमन कुणाच्या दारात किती वेळ उभा राहिला हेसुद्धा लोक बघतात.

अबोली
माहेरवाशिणीवरून शोधणं पटलं. पण मग मी म्हणेन की काही पत्रं न शोधता परत गेलेली बरी. पाठवणाऱ्याचा पत्ता मागे असेल तर आधी परतच पाठवावं, त्याला नीट पत्ता लिहू दे.

वांगखोरे
बाबांना अबोलींचं म्हणणं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की मागे पत्ता असता तर मीही परत केलं असतं.

पुढची गोष्ट. दोन विठ्ठल. त्या बाजूच्या ब्रँच पोस्टमास्तरांनी पहिल्याला गाठलं. पत्राचं नाव काढलं नाही, नुसतं विचारलं, "मुंबईला कुठं होता तुम्ही?" तो म्हणाला, गोदीत. सत्तरला गिरणीत बदलीवर होता थोडे दिवस पण नंतर गोदीत. घरासमोर फणस होता, अगदी मोठा. बाबा म्हणतात तिथे घोटाळा व्हायचा चान्स होता, कारण नाव जुळलं, फणस जुळला, गिरणी पण अर्धी जुळली. ब्रँच पोस्टमास्तर पक्का माणूस, त्याने विचारलं, "गिरणीत कुठल्या खात्यात?" उत्तर आलं, "सूत खात्यात." म्हणजे हा नव्हे.

दुसऱ्याचं घर बंद. शेजारी म्हणाले बायको वारल्यावर कराडला लेकीकडे असतात. फणस? तोडला, घराची कौलं फुटायची म्हणून. मुंबईत काय म्हणायचे त्यांना? शेजाऱ्यांना काहीच माहीत नाही.

पेठकर
म्हणजे ज्याच्याकडे फणस होता तो नव्हे आणि जो खरा त्याचा फणसच तोडलेला!

शिक्का_तारीख
इथे अवघड प्रश्न येतो. पत्र कराडला रीडायरेक्ट करायला पैसे लागत नाहीत, जुना पत्ता खोडून नवा लिहिला की झालं. पण माणूस तोच आहे याची खात्री कुणाला आहे? लेकीचा पत्ता लिहून पाठवलं तर कराडचा पोस्टमन चौकशी करणार नाही, त्याला वाटणार पत्ता पूर्ण आहे. एकदा पाकिटावर नीट पत्ता लिहिला की आधीची सगळी शंका पुसली जाते. मी अशी चुकलेली वाटपं पाहिली आहेत, चुकीच्या माणसाने पाकीट फोडलं की मग काही करता येत नाही.

वांगखोरे
अगदी हेच बोलणं तेव्हा पाटणच्या पोस्टात झालं. शेवटी पोस्टमास्तरांनी रीडायरेक्ट केलं पण त्यासोबत कराडच्या पोस्टमास्तरांना निरोप गेला की वाटपाआधी खात्री करा, आणि खात्री कशी करायची तेही सांगितलं: आपण काही सांगायचं नाही, त्याला सांगू द्यायचं.

कराडच्या पोस्टमनने विचारलं, "गिरणीत कुठल्या खात्यात होता?" "साचा." "तिथं तुम्हाला काय म्हणायचे?" म्हातारा हसला म्हणे, आणि म्हणाला, "पैलवान. तुम्हाला कुणी सांगितलं?" मग पत्र दिलं.

आत काय होतं ते बाबांना माहीत नाही. त्यांनी विचारलंही नाही, कराडवाल्यानेही नाही.

निळासागर
मी आधी प्रश्न चुकीचा समजले होते, आता सगळा धागा वाचला. आत काय होतं हे विचारायला हवं होतं असं मला वाटतं. इतकी मेहनत केल्यावर तेवढा हक्क आहे.

शिक्का_तारीख
नाही. तो हक्क अजिबात नाही. पत्र हातात पडलं की आपलं काम संपलं.

चालू_बीट
मी सध्या ग्रामीण डाक सेवक आहे, विदर्भात. जिल्हा माझा नाही, दहावीच्या मार्कांवर लागलो आणि इथे पोस्टिंग मिळालं. इथे सगळे जुन्या पोस्टमनबद्दल लिहितायत म्हणून आजचं सांगतो.

असं पत्र माझ्याकडे आलं तर मी पोचवू शकेन का, खरं सांगायचं तर अवघड आहे. मला इथे येऊन थोडाच काळ झाला, म्हाताऱ्यांची नावं पाठ नाहीत. मनीऑर्डरी जवळजवळ नाहीतच, पगार-पेन्शन सगळं खात्यात जातं, त्यामुळे कुणाचा मुलगा कुठे आहे हे मला दारात कळायचा मार्गच राहिला नाही. माझं बरंच काम आता खात्यांचं आणि आधारवरून पैसे काढून द्यायचं आहे, त्यातून जेवढी ओळख होते तेवढीच. दुसरं म्हणजे २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळलं, स्पीड पोस्टचा हिशोब मोबाइलवर त्याच दिवशी द्यावा लागतो. साध्या पत्राला मात्र ट्रॅकिंग नाही, त्यामुळे साधं पत्र पिशवीत चार दिवस ठेवून विचारत फिरता येतं. हे कुणाला माहीत नसतं.

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून विचारावं असं एकाने सुचवलं होतं, मी टाकला नाही. अबोलीताईंचं वाचून बरं वाटलं की टाकला नाही.

तर्कट
पण आता डिजिपिन आला आहे ना, चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला कोड. मग हा विषयच संपतो.

चालू_बीट
तो जागेचा कोड आहे. ज्याला जागा माहीत आहे त्याला तो काढता येतो. परळहून लिहिणाऱ्याला गावच माहीत नव्हतं, त्याने कोड कुठून आणला असता? आणि विठ्ठलरावांच्या घराचा कोड टाकला असता तर मी बरोबर त्या चौकोनात जाऊन कुलूप बघून परत आलो असतो.

तर्कट
बरोबर. मुद्दा मागे घेतो. मनीऑर्डरवाले पोस्टमन आता नाहीत यावर मात्र माझं म्हणणं ठाम झालं, आजच्या काळात असं पत्र पोस्टमनवर टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

सुमेधा_के
माझी अडचण अगदी हीच आहे म्हणून विचारते. बाबांचे एक मित्र होते, दोघे एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकत्र होते. बाबा गेले, त्यांना कळवायचं आहे आणि बाबांनी त्यांच्यासाठी ठेवलेली एक वस्तू द्यायची आहे. फोन नाही. मला माहीत आहे ते असं: नाव अनंत, आडनाव नक्की नाही, राजापूर तालुका, समुद्राकडची बाजू, वाडीत गणपतीत भजनाला मृदंग वाजवायचे, बायको अंगणवाडीत होती. पत्र पाठवू का? आणि कसं लिहू?

शिक्का_तारीख
जरूर पाठवा, हे विठ्ठलरावांच्या पत्रापेक्षा पुष्कळ चांगलं आहे.

अंगणवाडी सगळ्यात वर लिहा. ती सरकारी नोंद आहे, ग्रामपंचायतीत आणि शाळेत सगळ्यांना माहीत असतं की कोण बाई होत्या आणि त्यांचे यजमान कोण. मृदंग दुसऱ्या नंबरवर, भजनी मंडळातली माणसं वीस वर्षांनीही आठवतात. एसटी तिसऱ्या नंबरवर, "एसटी वर्कशॉपमधून रिटायर" असं, म्हणजे पेन्शन-पीएफच्या कागदांवरून पोस्टमनला आठवू शकेल. घराचं, झाडाचं, रंगाचं काही लिहू नका. तालुक्याच्या पोस्टाचा पिन घाला, म्हणजे निदान राजापूरला पोचेल. आणि पाठीमागे तुमचं पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल. तो असला की नाही सापडले तर परत येईल, आरएलओला जाणार नाही.

वस्तू पत्रात घालू नका. आधी पत्र जाऊ दे.

अबोली
आणि "मित्राचं निधन झालं" असं पाकिटावर किंवा कार्डावर लिहू नका, पोस्टकार्ड तर नकोच. त्यांना ते वाडीभर झाल्यावर कळायला नको.

फोंड्याचा_नंदू
बापाचं नाव मिळालं तर घाला. अनंत तिकडे दर वाडीत दोन असतात.

चालू_बीट
मोबाइल नंबर पाठीमागे मोठ्या अक्षरात. मी तरी पहिलं तेच बघतो. आणि राजापूरची समुद्राकडची बाजू म्हणजे पोस्टं बरीच, जैतापूरकडची की नाट्याकडची हे आठवलं तर अर्धं काम होईल.

सुमेधा_के
बाबा जैतापूरचं नाव घ्यायचे, खाडीतून होडीने जायचं म्हणायचे. आईला वडिलांचं नाव आठवतंय का विचारते. असं लिहू का:

श्री. अनंत, एसटी वर्कशॉपमधून निवृत्त, भजनात मृदंग वाजवतात, पत्नी अंगणवाडी सेविका होत्या, जैतापूर खाडीजवळ, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी.

शिक्का_तारीख
पत्नी अंगणवाडी सेविका ही ओळ पहिल्या ओळीत नावाच्या लगेच खाली घ्या. बाकी ठीक. जैतापूरचा पिन पोस्टात विचारून घाला, राजापूरचा नको, आता एवढं माहीत आहे तर.

वांगखोरे
बाबा म्हणतात पाकीट लांबट घ्या, शेरे मारायला जागा राहील अशी.